दोन फ्रेमांमधला अंधार

गेमिंग मॉनिटरच्या खोक्यावर ‘१ मिलिसेकंद’ हा आकडा ठसठशीत छापलेला असतो. घेणाऱ्याला वाटतं, पडदा इतका चपळ आहे म्हणजे धावतं चित्र आता फरफटणार नाही. पण या आकड्याचे दोन वेगळे अर्थ असतात आणि खोक्यावर त्यातला कोणता धरला आहे, ते बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. एक अर्थ असा, की पिक्सेलला एका छटेतून दुसऱ्या छटेत जायला लागणारा वेळ. दुसरा अर्थ असा, की हलणारं चित्र पाहताना प्रत्येक फ्रेम आपल्या डोळ्यांसमोर किती वेळ उजळलेली राहते. त्याच्यापुढे MPRT अशी अक्षरं असतात. हा दुसरा १ मिलिसेकंद आज विकल्या जाणाऱ्या साध्या एलसीडी मॉनिटरवर आपोआप मिळत नाही. त्यासाठी मॉनिटरच्या मेन्यूत जाऊन एक सोय चालू करावी लागते. ती चालू केली, की धावतं चित्र खरोखरच लख्ख होतं. पण पडदा मंदावतो, लुकलुकू लागतो आणि बहुतेक मॉनिटरांवर आणखी एक महत्त्वाची सोय बंद पडते. या सोयीला बॅकलाइट स्ट्रोबिंग म्हणतात. कंपन्यांनी तिला आपापली नावं दिली आहेत: ULMB, DyAc, ELMB, 1ms MBR.

आधी धूसरपणा कुठून येतो ते पाहू, कारण नेमका इथेच बहुतेकांचा समज चुकतो. पूर्वीच्या एलसीडी पडद्यांचे पिक्सेल खरंच संथ होते आणि हलत्या वस्तूमागे शेपूट दिसायची. आताचे पिक्सेल पुष्कळ चपळ झाले, तरी धूसरपणा पूर्ण गेला नाही. समजा, पिक्सेल रंग बदलायला शून्य वेळ घेतात. तरीही तो राहतो, कारण तो पडद्यावर नसून आपल्या डोळ्याच्या पडद्यावर तयार होत असतो.

६० हर्ट्झच्या मॉनिटरवर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद जागच्या जागी उभी असते. मग झटक्यात पुढची येते, तीही तेवढाच वेळ स्थिर उभी राहते. आपला डोळा मात्र अशा उड्या मारत नाही. पडद्यावरून एक गाडी डावीकडून उजवीकडे जात असेल, तर नजर तिच्याबरोबर सलग सरकत राहते. म्हणजे फ्रेम थांबलेली असते आणि डोळा त्याच वेळी पुढे निघून जात असतो. तेवढ्या वेळात त्या स्थिर फ्रेमची प्रतिमा नेत्रपटलावर पुसली जाते. गाडी सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाने जात असेल, म्हणजे फुल एचडी पडदा दोन सेकंदांत पार करत असेल, तर १६.७ मिलिसेकंदांत नजर १६ पिक्सेल पुढे सरकते. म्हणून गाडीची प्रत्येक कड १६ पिक्सेल रुंद धुरकट पट्टा होऊन दिसते. नंबरप्लेट वाचता येत नाही.

यातून एक सोपा हिशेब निघतो. वेग सेकंदाला साधारण हजार पिक्सेल असेल, तर फ्रेम जितके मिलिसेकंद उजळलेली, तितके पिक्सेल धूसरपणा. १२० हर्ट्झवर, आणि गेमही सेकंदाला १२० फ्रेम देत असेल तर, तो ८ पिक्सेलवर येतो. २४० वर ४. याच वाटेने एका पिक्सेलपर्यंत यायचं तर हजार हर्ट्झचा पडदा आणि सेकंदाला हजार फ्रेम काढणारं ग्राफिक्स कार्ड हवं. जुन्या काचेच्या सीआरटी मॉनिटरला ही अडचण नव्हती. त्याचा फॉस्फर इलेक्ट्रॉनचा मारा बसताच उजळायचा आणि मिलिसेकंदभरात विझायचा. उरलेला सगळा वेळ तो ठिपका काळाच असायचा. म्हणून ६० हर्ट्झच्या सीआरटीवर सरकणारी अक्षरं जितकी स्वच्छ वाचता यायची, तितकी ६० हर्ट्झच्या एलसीडीवर येत नाहीत.

स्ट्रोबिंग म्हणजे तो काळा वेळ एलसीडीत परत आणणं. एलसीडीचे पिक्सेल स्वतः प्रकाश देत नाहीत. त्यांच्यामागे एलईडींचा पांढरा उजेड असतो आणि पिक्सेल तो कमी-जास्त अडवतात. हा मागचा दिवा सतत जळत ठेवण्याऐवजी प्रत्येक फ्रेमला एकदाच, मिलिसेकंद-दोन मिलिसेकंद लावायचा आणि बाकी वेळ विझवायचा. डोळ्याला फ्रेम दिसते ती फक्त त्या क्षणापुरती. तेवढ्यात नजर जेमतेम एक-दोन पिक्सेल सरकलेली असते. १२० हर्ट्झवर एक मिलिसेकंदाचा झोत दिला, तर आठ पिक्सेलांचा धूसरपणा एका पिक्सेलवर येतो.

गंमत म्हणजे ही सोय मुळात यासाठी निघालीच नव्हती. २०११ मध्ये एनव्हिडियाने थ्रीडी चष्म्यांच्या दुसऱ्या पिढीबरोबर लाइटबूस्ट नावाचं तंत्र आणलं. त्या चष्म्याच्या काचा आळीपाळीने मिटत आणि उघडत. एका डोळ्याचं चित्र दुसऱ्यात मिसळू नये म्हणून पडदा बदलत असताना दिवा विझवायचा आणि चित्र पूर्ण तयार झालं की जोरात लावायचा, अशी ती रचना होती. पुढे खेळाडूंच्या लक्षात आलं, की चष्मा न लावता, साध्या गेममध्येही हे चालू ठेवलं तर धावतं चित्र सीआरटीसारखं स्वच्छ दिसतं. मग एनव्हिडियानेच ULMB या नावाने ते वेगळी सोय म्हणून दिलं आणि बाकीच्या कंपन्या मागोमाग आल्या. आभासी वास्तवाच्या हेडसेटमध्येही हेच तत्त्व आहे. २०१४ च्या ऑक्युलस रिफ्टच्या दुसऱ्या विकासक-आवृत्तीपासून फ्रेम थोडाच वेळ उजळवायची पद्धत तिथे रुळली, कारण मान वळवताना जग धूसर झालं तर लोकांना मळमळतं.

फरक स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा असेल, तर testufo.com हे संकेतस्थळ उघडा. कॅनडातल्या मार्क रेजॉन यांनी ते बनवलं आहे आणि मॉनिटरची परीक्षा घेणारे बहुतेक लोक तेच वापरतात. तिथे टोरांटो शहराचा नकाशा पडद्यावरून सरकवणारी एक चाचणी आहे. वेग ९६० पिक्सेल ठेवा आणि एखाद्या रस्त्याच्या नावावर नजर ठेवून तिच्याबरोबर सरका. स्ट्रोबिंग बंद असताना ६० हर्ट्झवर नावं म्हणजे नुसते राखाडी फराटे असतात. १२० वर अक्षरं आहेत इतकं कळतं. स्ट्रोबिंग चालू करताच नावं वाचता येतात, नकाशा थांबलेला असावा तशी. ज्याने हे एकदा पाहिलं, त्याला या सोयीमागे लोक का लागतात हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता किमतीकडे येऊ. पहिली किंमत उजेडाची, आणि ती साध्या भागाकाराने कळते. १२० हर्ट्झवर एक फ्रेम ८.३ मिलिसेकंदांची. त्यातला एकच मिलिसेकंद दिवा लावला, तर तो फक्त १२ टक्के वेळ जळतो. डोळा सरासरी पाहतो, त्यामुळे ३५० निट देणारा पडदा ४२ निटवर येतो. दुपारी खिडकीजवळच्या टेबलावर तो जवळजवळ निरुपयोगी आहे. झोत दोन मिलिसेकंदांचा केला, तर उजेड दुप्पट, ८४ निट, पण धूसरपणाही दुप्पट, दोन पिक्सेल. या देवाणघेवाणीतून सुटका नाही. मेन्यूत ‘पल्स विड्थ’ नावाची पट्टी असते, ती नेमकी हीच तडजोड हातात देते.

यातून वाट काढायची तर एलईडींना त्या क्षणापुरता जास्त विद्युतप्रवाह द्यायचा. बाकी वेळ ते विझलेले असल्यामुळे त्यांना थंड व्हायला अवसर मिळतो, म्हणून थोड्या काळासाठी हा ताण ते सोसू शकतात. तिप्पट झोत दिला, तर ४२ चे १२६ निट होतात आणि संध्याकाळच्या खोलीत तेवढा उजेड पुरतो. पण त्यासाठी एलईडी, त्यांना चालवणारं सर्किट आणि उष्णता वाहून नेणारी रचना, सगळंच दणकट लागतं. कमी किमतीच्या मॉनिटरमध्ये हा खर्च टाळलेला असतो. खोक्यावर स्ट्रोबिंगचं नाव असतं, पण चालू केल्यावर पडदा इतका काळवंडतो, की माणूस पाच मिनिटांत ते बंद करतो. काही मॉनिटर तर ही सोय चालू असताना ब्राइटनेसची पट्टी गोठवून टाकतात. म्हणून विकत घेण्याआधी परीक्षणात ‘स्ट्रोबिंग चालू असताना किती निट’ हा आकडा शोधावा. नुसत्या कमाल ब्राइटनेसच्या आकड्याचा इथे काही उपयोग नाही.

मग रिफ्रेश रेट वाढवला तर? २४० हर्ट्झवर तोच एक मिलिसेकंदाचा झोत सेकंदाला दुप्पट वेळा पडतो, त्यामुळे उजेड दुप्पट होतो आणि लुकलुक कमी जाणवते. कागदावर हे फायद्याचंच दिसतं. पण इथे पिक्सेल आडवे येतात. या सगळ्या प्रकरणातला सर्वांत रंजक भाग मला हाच वाटतो.

एलसीडीवरचं चित्र एकदम बदलत नाही. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत, ओळीमागून ओळ, ते लिहिलं जातं आणि फ्रेमचा जवळजवळ सगळा वेळ त्यातच जातो. दिवा मात्र बहुतेक मॉनिटरांत संपूर्ण पडद्यामागे एकदमच पेटतो. शेवटची ओळ लिहून होताच तो पेटवला, तर वरच्या पिक्सेलांना बदलायला भरपूर वेळ मिळालेला असतो आणि खालच्यांनी नुसती सुरुवात केलेली असते. तिथे जुनी फ्रेम अजून पुरती गेलेली नसते. परिणाम असा, की पडद्याच्या तळाशी प्रत्येक हलत्या वस्तूला एक फिकट जुळं दिसतं. झोताची वेळ थोडी पुढे ढकलली, की तळ सुधारतो, पण तोवर पुढची फ्रेम वरून लिहायला सुरुवात झालेली असते आणि जुळं माथ्यावर उगवतं. याला क्रॉसटॉक म्हणतात. मधला पट्टा स्वच्छ आणि वर-खाली दुहेरी कडा, हे स्ट्रोबिंगचं ओळखीचं दुखणं आहे.

यावरचा इलाज उलट्या दिशेचा आहे: पडदा त्याच्या कमाल वेगापेक्षा हळू चालवायचा. २४० हर्ट्झचा फुल एचडी मॉनिटर घेऊ. त्याला दृश्य ओळी १०८०, पण संकेतात साधारण ११२५ ओळी मोजलेल्या असतात. वरच्या ४५ ओळी म्हणजे दोन फ्रेमांमधला रिकामा वेळ. २४० वर हा वेळ मिलिसेकंदाचा सहावा हिस्सासुद्धा जेमतेम भरतो. तेवढ्यात कोणताच पिक्सेल स्थिरावत नाही. आता हाच मॉनिटर १२० वर चालवायचा, पण एकूण ओळी २२५० ठेवायच्या. ग्राफिक्स कार्डाच्या ‘कस्टम रिझोल्यूशन’मध्ये ‘व्हर्टिकल टोटल’ या रकान्यात ही संख्या भरता येते. ओळ लिहायचा वेग तोच राहतो, म्हणून १०८० ओळी चार मिलिसेकंदांत लिहून होतात आणि उरलेले ४.३ मिलिसेकंद नुसती वाट पाहायची. पिक्सेल अंधारात आपापल्या जागी बसतात आणि फ्रेमच्या अगदी शेवटी, समजा ७.३ व्या मिलिसेकंदाला, दिवा एक मिलिसेकंद पेटतो. तळाच्या ओळीलाही तीन मिलिसेकंदांहून जास्त वेळ मिळालेला असतो. जुळं बरंचसं नाहीसं होतं. प्रत्येक मॉनिटर ही संख्या स्वीकारत नाही. काही मॉनिटर स्वतःच आतल्या आत हे करतात, काही साफ नकार देतात आणि पडदा काळा होतो. पंधरा-वीस सेकंद हात न लावता थांबलं, की विंडोज बहुधा आधीच्या मांडणीवर परत येतं.

या वाट पाहण्याचीही किंमत आहे. वरची ओळ लिहून झाली तरी ती सात मिलिसेकंद अंधारात असते, तळाची तीन. स्ट्रोबिंग नसतं तर ती तेवढं आधी दिसली असती. माउस हलवणं आणि पडद्यावर ते दिसणं यांतला विलंब तेवढा वाढतो. माझ्या मते बहुतेक खेळाडूंना हा विलंब जाणवणार नाही, पण स्पर्धेत खेळणाऱ्याला तो हिशेबात धरावा लागतो.

याहून जड अट फ्रेमरेटची आहे. दर झोताला नवी फ्रेम हवीच. १२० हर्ट्झवर स्ट्रोबिंग चालू आहे आणि गेम ६० फ्रेम देतो आहे, तर प्रत्येक फ्रेम दोनदा चमकते. दोन चमकांमध्ये आपली नजर आठ पिक्सेल पुढे गेलेली असते, म्हणून गाडीच्या दोन स्वच्छ प्रती आठ पिक्सेल अंतरावर दिसतात. धूसरपणा गेला, पण त्याच्या जागी दुहेरी चित्र आलं. गेम १२० वरून मधूनच ११० वर घसरला, तर हिसके जाणवतात. हे हिसके आधीही होते, धूसरपणाने ते झाकले होते. त्यामुळे ज्याचं कार्ड १२० फ्रेम सलग, न अडखळता देऊ शकत नाही, त्याने गेमची दृश्य-गुणवत्ता उतरवावी किंवा स्ट्रोबिंगचा नाद सोडावा.

फ्रेमरेट चढ-उतार करत असेल तर पडद्याने आपला वेग त्याच्याशी जुळवून घ्यायचा, ही सोय आता बहुतेक गेमिंग मॉनिटरांत असते. जी-सिंक किंवा फ्रीसिंक या नावांनी ती ओळखीची आहे. सुरुवातीला म्हटलेली, स्ट्रोबिंगमुळे बंद पडणारी सोय हीच. कारण पुन्हा भागाकारातच आहे. ८.३ मिलिसेकंदांनी एक झोत पडला, तर दिवा १२ टक्के वेळ जळतो. फ्रेम लांबून १२ मिलिसेकंदांची झाली, की तोच झोत ८ टक्क्यांवर येतो. म्हणजे गेम जड झाला की पडदा मंद, हलका झाला की उजळ. झोताची लांबी दर फ्रेमला बदलून हे सांभाळता येतं, पण पुढची फ्रेम कधी येणार ते आधी ठाऊक नसतं, म्हणून काम अवघड आहे. असूसने २०१९ मध्ये दोन्ही एकत्र चालवणारी ELMB Sync आणली आणि एनव्हिडियाने २०२४ च्या जानेवारीत जी-सिंक पल्सर जाहीर केलं. साध्या मॉनिटरवर मात्र दोन्हींपैकी एकच निवडावं लागतं.

लुकलुकीचं काय? सेकंदाला ६० वेळा पूर्ण विझणारा पांढरा पडदा बहुतेकांना स्पष्ट लुकलुकताना दिसतो, विशेषतः नजरेच्या कडेने, कारण डोळ्याच्या कडेचा भाग लुकलुकीला अधिक संवेदनशील असतो. १२० वर ती थेट दिसत नाही, पण तिचा परिणाम संपत नाही. पांढऱ्या पडद्यासमोर पेन्सिल जोरात हलवा: स्ट्रोबिंग असेल तर एकाऐवजी पाच-सहा सुट्या पेन्सिली दिसतील. चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटखाली फिरणारा पंखा थांबल्यासारखा वाटायचा, तो याच जातीचा परिणाम, कारण ५० हर्ट्झच्या विजेवर ती ट्यूब सेकंदाला शंभरदा उजळायची-मंदावायची. ती पुरती विझत मात्र नव्हती. स्ट्रोबिंगचा दिवा पुरता विझतो. एलईडी दिव्यांच्या लुकलुकीसाठी आयट्रिपलई या संस्थेची २०१५ ची शिफारस आहे. तिच्या सूत्राने १२० हर्ट्झवर कमी जोखमीची चढ-उतार साधारण १० टक्क्यांच्या आत हवी. ही शिफारस खोलीतल्या दिव्यांसाठी आहे, मॉनिटरसाठी नव्हे, पण १० टक्के कुठे आणि शंभर टक्के कुठे, हे त्यावरून कळतं. काहींना तासाभरात डोळे चुरचुरतात किंवा डोकं धरतं, काहींना दिवसभर काहीच होत नाही. उलट, धूसर चित्राचा पाठलाग करूनच ज्यांचं डोकं दुखतं, असेही लोक आहेत. अर्धशिशीचा त्रास असणाऱ्याने जपून, थोडा वेळ पाहून ठरवावं. प्रकाशसंवेदी अपस्मार असणाऱ्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही सोय चालू करू नये.

आणखी एक दोष गडद रंगांची हौस असलेल्या मॉनिटरांत आढळतो. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळी चिप आणि तिच्यावर फॉस्फरचा थर. रंग जास्त खुलावेत म्हणून अनेक मॉनिटरांत जो लाल फॉस्फर वापरतात, तो निळ्याबरोबर विझत नाही, आणखी काही मिलिसेकंद तेवत राहतो. मग पांढऱ्या वस्तूमागे लालसर कड येते. ही मेन्यूतून घालवता येत नाही. टेस्टयूएफओवर पांढरी आकृती काळ्या पार्श्वभूमीवर सरकवून पाहिली, की ती लगेच दिसते. दुकानात मॉनिटर लावून दाखवत असतील, तर ही चाचणी पहिली करावी.

हे सगळं सोसून स्ट्रोबिंग घ्यावं का, याचं उत्तर नजर कुठे असते यावर आहे. शर्यतीत रस्त्याकडेचे फलक, फुटबॉलच्या गेममधला चेंडू, आडव्या पळणाऱ्या गेममधलं पात्र, नेमबाजीत आडवा पळणारा प्रतिस्पर्धी: इथे डोळा वस्तूच्या मागे जातो आणि फायदा पुरेपूर मिळतो. पण नेमबाजीतच नजर मधल्या नेमावर खिळवून झर्रकन मागे वळलं, तर डोळा कशाचाच पाठलाग करत नसतो. वळण्याचा वेग २४०० पिक्सेल धरला, तर स्ट्रोबिंगमध्ये भिंतीच्या कडा धूसर होण्याऐवजी वीस-वीस पिक्सेलांवर सुट्या-सुट्या ठशांनी उमटतात. ते काहींना बोचतं. आणि पत्रं लिहायला, हिशेब करायला बसलात, तर पडद्यावर काहीच धावत नसतं. तेव्हा लुकलुक सोसायचं कारणच नाही. त्या वेळी ही सोय बंदच ठेवावी. बऱ्याच मॉनिटरांत ती एका बटणावर बांधून ठेवता येते, गेम सुरू करताना दाबायला.

चालू करायची तर क्रम असा ठेवावा. रिफ्रेश रेट कमालीच्या निम्म्यावर आणायचा, पण शंभरच्या खाली नाही. गेमचा फ्रेमरेट त्याच आकड्याला बांधायचा. खोलीतला उजेड कमी करायचा. पल्स विड्थ सर्वांत रुंद ठेवून सुरुवात करायची आणि नकाशातली नावं वाचता येईपर्यंतच अरुंद करत यायची. शेवटी पडद्याच्या माथ्यावर आणि तळाशी जुळं दिसतं का ते पाहून झोताची वेळ मागे-पुढे सरकवायची. तिला मेन्यूत बहुधा ‘स्ट्रोब फेज’ किंवा तसंच काही नाव असतं. काही जुळं उरणारच असेल, तर ते तळाशी ढकलावं, जिथे गेममध्ये गोळ्यांची संख्या आणि नकाशाची चौकट असते आणि सहसा काही धावत नसतं.